कय्यूम मिस्त्रीच्या घरचा चहा

हल्लीच्या धानगिरण्यांत बटन दाबलं की काम सुरू होतं. माझा जावई मला ते कौतुकाने दाखवतो आणि मीही मान डोलावतो, उगाच म्हाताऱ्याने नाक मुरडलं असं व्हायला नको. पण खरं सांगायचं तर मला त्यात काडीची मजा वाटत नाही. ज्याने कय्यूम मिस्त्रीला इंजन सुरू करताना पाहिलंय, त्याला बटनाचं काय कौतुक?

मी सांगतोय ते १९५५-५६ चं. आमचा जिल्हा तेव्हा नुसता चांदा जिल्हा होता, गडचिरोली त्यातच. आमच्या मूल गावात नानाजी मालगुजारांची गिरणी होती. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सरकारने काढून घेतली, पण गावाने त्यांना मालगुजार म्हणायचं सोडलं नाही आणि त्यांनी तसं वागायचं सोडलं नाही. मी तिथे काट्यावर बसायचो. बैलगाड्या आल्या की पोती तोलायची, चिठ्ठी फाडायची, आणि नंबरावरून भांडणाऱ्यांना दटावायचं. दटावणं मला चांगलं जमायचं. पत्रू काटेवाल्याच्या तोंडाला लागू नये, असं चार गावांत म्हणत.

आमचं इंजन इंग्रजांच्या वेळचं, तेलावर चालणारं. त्याचं डोकं आधी रॉकेलच्या बत्तीने तापवावं लागे. किती तापवायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कय्यूमभाई लोखंडाच्या रंगाकडे बघत उभे राहत, विडी कानावर ठेवलेली, आणि मग एकदम बत्ती काढून ते मोठं चाक दोन्ही हातांनी मागेपुढे झुलवत. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा सोडलं की धक् करून इंजन जागं व्हायचं. दुसऱ्या कोणी हात लावला तर ते उलटं फिरायचं, नाहीतर नुसता धूर ओकायचं. चौदा वर्षं ते इंजन फक्त त्यांचंच ऐकत होतं. गिरणी चालू झाली की ताज्या कोंड्याचा तो गोडसर, गरम वास सगळ्या आवारात पसरायचा. आज या वयातही कुठे तो वास आला की मी थांबतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला दम लागला.

पण कय्यूमभाईंची खरी कारागिरी इंजनात नव्हती, दातांत होती. गाडी आली की ते पोत्यातले चार दाणे घेऊन दाढेखाली धरत. कट् असा कोरडा आवाज आला तर धान घ्यायचं. दाणा नुसता चेपला, तर धान ओलं. ओलं धान सोलायच्या हलरमध्ये घातलं की जाळी तुंबते, तांदूळ पिचतो आणि निम्मी कणी होते. फार तापलेलंही चालत नाही, उन्हातून उचलून तसंच आणलं तरी दाणा तडकतो. "दोन दिवस ऊन दाखव, एक दिवस सावलीत ठेव, मंग आण," असं ते सांगायचे. आणि इथेच त्यांचं आणि नानाजींचं वाजायचं. परत पाठवलेली गाडी दुसऱ्या गिरणीत जाईल ही नानाजींची धास्ती. ते ओसरीवरून ओरडायचे, "चालव रे कय्यूम! तुह्ये दात काय सरकारी आहेत का?"

५४ च्या मार्गशीर्षात पोंभुर्ण्याकडून लटारू नावाचा एक शेतकरी आला. पोरीचं लग्न माघात होतं, त्यासाठीचं धान होतं. कय्यूमभाईंनी दाणा चावला आणि नाही म्हटलं. नानाजींनी चालव म्हटलं. मालकाचा हुकूम, चालवलं. दुपारी लटारूने पोत्यात हात घातला, ओंजळभर कणी काढली आणि वीस गाडीवानांसमोर कय्यूमभाईंच्या पायांशी ओतली. "मिस्त्री, माह्या पोरीच्या पंगतीचा तांदूळ होता गा हा," एवढंच तो म्हणाला. कय्यूमभाईंनी नानाजींकडे पाहिलं. नानाजी सरळ म्हणाले, "आज मिस्त्रीचा हात नाई बसला." मी काट्यावरून सगळं ऐकलं होतं, आधीचंही आणि नंतरचंही. मी तोंड उघडलं नाही. दटावणारा पत्रू त्या दिवशी वजनं पुसत बसला.

तेव्हापासून कय्यूमभाई बदलले. काम तसंच, पण गाणं गुणगुणणं बंद झालं.

पुढच्या भाद्रपदात सावली गावचे बाबूभाई मूलला आले. ते कापडाचे व्यापारी, पण त्यांनी नवी गिरणी काढायचं ठरवलं होतं आणि इंजन पेटीत बंद होऊन येऊन पडलं होतं. स्टेशनाजवळच्या हॉटेलात त्यांनी कय्यूमभाईंना गाठलं. मीही बाकावर होतोच. पगार थोडा जास्त सांगितला, पण कय्यूमभाईंचे डोळे चमकले ते पुढच्या वाक्याला. बाबूभाई म्हणाले, "मले मशीनचं काही समजत नाई. तू म्हणशील चालव त चालन, तू म्हणशील बंद त बंद. मी बी तुह्या मधात येणार नाई."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघं सायकलींवर सावलीला गेलो. दोन्हीकडे धान लोंबीवर आलेलं, बांधांवर पाणी खळखळत होतं. बाबूभाईंच्या रिकाम्या जागेत कय्यूमभाईंनी सुतळी ताणली, ओळंबा सोडला, इंजनाच्या पायाच्या आणि वरच्या शाफ्टच्या रेषा आखल्या. या दोन रेषा जराही वाकड्या झाल्या की पट्टा चाकावर टिकत नाही, घसरून पडतो. तीन वेळा मोजून त्यांनी चार खुंट्या ठोकल्या. मग दूर जाऊन एक डोळा मिटून बघत राहिले. मी म्हटलं, "झालं ना जी, चाला." ते म्हणाले, "थांब ना गा. जन्मात पह्यल्यांदा माह्या हातानं पाया पडून राह्यला." परत येताना ते पूर्ण वाटभर गात होते, अगदी बेसूर. त्या वाटेइतकी सुखाची सायकल मी नंतर कधी चालवली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कय्यूमभाईंनी राजीनामा दिला. त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं, मी सातवी पास, म्हणून कागद मीच लिहिला. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत काम करीन, मग मोकळं करावं, असा मजकूर. नानाजींनी कागद वाचला, घडी करून उशीखाली सारला आणि हसले. "जाय ना बा! तुह्यासारखे छप्पन येतीन."

छप्पनातला पहिला नागभीडहून आला. सकाळपासून बत्ती पेटवून बसला. इंजनाने त्याला दोनदा उलटा हिसका दिला आणि दुपारच्या गाडीने तो मनगट बांधून परत गेला. दिवाळी दहा दिवसांवर आली होती. पुढे चार महिने धानाचा हंगाम. तेव्हा नानाजींच्या तोंडचं हसू गेलं.

त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. समोर ताकाचा गडवा होता. नानाजी चहाला शिवत नसत, हे मी आधी सांगायला हवं होतं. चहाने रक्त जळतं असं त्यांचं मत होतं, आणि गिरणीत हॉटेलातून किटली आली की ते आमच्याकडे पाठ करून बसायचे. मला म्हणाले, "पत्रू, पगार वाढवून देतो म्हटलं त्याले. इंजनघरामागची खोली देतो म्हटलं. मुंडी हालवते फक्त. तू त्याचा दोस्त होय. त्याले पाह्यजे काय?"

इथे मी खरं उत्तर देऊ शकलो असतो. त्याला त्याच्या दाताची किंमत पाहिजे, मालक. लटारूसमोर जे खोटं बोललात ते चार माणसांत मागे घेतलेलं पाहिजे. पण ते मी बोललो नाही. बोललो असतो तर मला वाटतं माझाच काटा गेला असता. आणि दुसरं, सांगायला लाज वाटते, मला कय्यूमभाई जायलाच नको होते. ते गेल्यावर दुपारची भाकरी मी कोणासोबत खाणार होतो? म्हणून मी म्हटलं, "मालक, तुम्ही त्याच्या घरी जा. बसा. त्याच्या घरचा चहा घ्या. तो पघळन."

नानाजींनी गडवा उचलला. त्या काळात आमच्या गावात हिंदू घरचा माणूस मुसलमानाच्या ओसरीवर उभा राहून हवं तेवढं बोलायचा, सणाला शेवया यायच्या त्याही कोरड्याच, पण त्यांच्या घरात बसून चहा-पाणी घेणं कोणी करत नव्हतं. त्यात मालगुजार. मला वाटलं आता गडवा माझ्या डोक्यात बसतो. पण ते मिशी कुरवाळत म्हणाले, "उद्या सांजच्याला चाल माह्यासंगं."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीआधी आम्ही गेलो. कय्यूमभाईंच्या घरात बांधाबांध सुरू झाली होती. त्यांची बायको सुलताना भाभी भांडी पोत्यात भरत होती, आम्हाला पाहून तिने डोक्यावरचा पदर ओढला. मी माझ्या नेहमीच्या जागी, दाराबाहेरच्या दगडावर बसलो. नानाजी मात्र आत गेले, खाटेवर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "चहा नाई पाजत का बाई? का घर बांधून झालं?"

भाभीच्या हातून डबा पडला. पोत्यात गेलेले कप तिने बाहेर काढले, पुसले, पुन्हा पुसले. चहा आला. नानाजींनी तो बशीत ओतला आणि एका दमात संपवला. कय्यूमभाई हात बांधून भिंतीला टेकून उभे. नानाजी म्हणाले, "कय्यूम, चौदा वर्षं झाली. घरचा माणूस कोणी असा जाते का? बाबूभाई देईन तेवढा पगार घे, खोली घे. इंजनघराची चाबी आजपासून तुह्याजवळ. तुह्या शब्दाबाह्यर एक पोतं चालणार नाई." आणि कमरेची किल्ली सोडून त्यांनी रिकाम्या बशीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाच्या पाळीवर भाकरी सोडून कय्यूमभाईंनी मला विचारलं, "पत्रूभाऊ, काय करू?"

"काय करू म्हणजे? मालगुजार घरी आला तुमच्या!"

"हाव. पण मी निंगालो कायच्यासाठी होतो? पगारासाठी त नाई निंगालो."

"मंग चाबी देली ना जी. शब्द देला ना."

"राजीनामा नसता देला त देला असता का?"

प्रश्न बिनतोड होता. शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी म्हटलं, "देल्याशी मतलब. कवा देला ते काऊन मोजता? नवी जागा, नवे लोक, बाबूभाई आज गोड बोलते, उद्याचं कोणं पाह्यलं? इथी चौदा वर्षांची जड आहे तुमची." ते भाकरीचे तुकडे करून माशांना टाकत राहिले. मग म्हणाले, "सुलतानानं सामान सोडलं. भांडे पुन्हा फळीवर लावले तिनं." आणि बाबूभाईंना नकाराचं पत्रही मीच लिहिलं. अक्षर मात्र छान आलं होतं.

आता पुढे काय झालं ते ऐका. पहिले पंधरा दिवस स्वर्ग. कय्यूमभाई दाणा चावायचे, नाही म्हणायचे, आणि नानाजी ओसरीवरून गाडीवानाला सांगायचे, "मिस्त्री म्हणते त परवा आण बा." मी मिशीला ताव देत होतो, माझ्यामुळे झालं सगळं म्हणून. मग धानाची गर्दी वाढली. सावलीची गिरणी सुरू झाली आणि त्या अंगाच्या गाड्या तिकडे वळू लागल्या. एका दिवशी कय्यूमभाईंनी तीन गाड्या परत लावल्या तेव्हा नानाजी खाली उतरून आले. "चालव."

"मालक, शब्द देला होता तुम्ही."

"तू बी त देला होता, बाबूभाईले. चालव."

त्या दिवसापासून ते वाक्य कायमचं झालं. कय्यूमभाई तापाने एक दिवस आले नाहीत तर नानाजींनी माणूस पाठवला, ताप आहे की सावलीला गेले ते बघायला. भाभीचं माहेर सावलीकडचं, तिचे भाऊ भेटायला आले तर नानाजींनी मला विचारलं, "कोण लोक होते ते? बाबूभाईचे त नाई?" पूर्वी वर्षानुवर्षं हिशेब न विचारता तेल द्यायचे, आता तेलाचा पिंप मोजायला लागले. आणि बाकीचे कामगार? त्यांनीही पगार वाढवून मागितला. नानाजी म्हणाले, सगळं कय्यूमने नेलं, त्याला विचारा. मग हमालांनी कय्यूमभाईंशी बोलणं कमी केलं. ज्या माणसाभोवती दुपारी सगळे आपापल्या भाकऱ्या सोडायचे, तो माणूस एकटा जेवायला लागला. म्हणजे मी होतो सोबत, पण मी एकटा किती पुरणार?

पौषात गोंदियाहून मंगरू आला. तिशीचा, मिशाळ, नानाजींच्या साडूकडचा. नानाजी म्हणाले, "कय्यूम, तुह्यावर लय भार पडते. हाताखाली माणूस देला. याले सगळं शिकव." मला तर त्याच क्षणी कळलं. कय्यूमभाईंनाही कळलंच असणार. मी म्हटलं, "शिकवू नका जी. अर्धं शिकवा." ते माझ्यावर चिडले. "मशीन बिघडलं त मशीनचा का गुन्हा?" आणि त्यांनी मंगरूला सगळं शिकवलं. लोखंडाचा रंग दाखवला. चाक कुठल्या ठोक्याला सोडायचं ते त्याचा हात हातात धरून शिकवलं. हलरचं पातं किती आत घ्यायचं तेही. फक्त दाणा चावायला त्यांनी शिकवलं नाही, आणि मंगरूने विचारलंही नाही, कारण त्याची त्या गिरणीत गरजच उरली नव्हती.

होळी झाली. हंगाम सरला. इंजन उघडून, साफ करून, तेलपाणी करून पुन्हा जोडून झालं. आमच्याकडे सालदार पाडव्याला बदलतात, शेतावरचा गडी त्या दिवशी जुनं घर सोडतो, नवं धरतो. मिस्त्रीला कोणी सालदार म्हणत नाही. पण गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नानाजींनी त्यांना बोलावून सांगितलं, "आता काम नाई. मंगरू पाह्यते. तू घरी आराम कर, दिवाळीले पाहू. तुह्ये अवजारं ठेवलेली खोली मात्र मंगरूले लागन." आवाज अगदी मायेचा. कय्यूमभाईंनी किल्ली काढली आणि खाली ठेवली. या वेळी कोणी बशी मध्ये आणली नाही.

मी रागाने काटा सोडून निघालो असतो तर किती बरं झालं असतं. नाही निघालो. फक्त वैशाखात एक दिवस सुट्टी काढून त्यांच्यासोबत सावलीला गेलो. बाबूभाईंनी खुर्ची दिली, सरबत दिलं, एक वाकडा शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "कय्यूमभाई, तुम्ही बुरे नाई. पण मशीन बसवाच्या टायमाले मी खाली हात उभा होतो. तीन हप्ते गिरणी बंद. मंग राजनांदगावचा माणूस आणला, त्यानं हंगाम काढून देला. त्याले आता कोणत्या तोंडानं काढू?" ते खरंच होतं. कय्यूमभाईंनीही मान्य केलं. मग म्हणाले, "एकदा मशीन पाहू का?"

इंजन बंद होतं. नवं, हिरव्या रंगाचं, त्यांनी आखलेल्या रेषांवर, त्यांनी ठोकलेल्या खुंट्यांच्या जागी बोल्ट. राजनांदगावचा मिस्त्री म्हणाला, "पट्टा एक दिन नहीं उतरा, चाचा. जिसने नींव डाली, पक्का आदमी था." कय्यूमभाई वाकले, सिमेंटच्या चौथऱ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हाव, सुतळी सरळ होती." परतताना ते गायले नाहीत. मी सायकल मुद्दाम मागे ठेवली.

पुढे आयुष्यात मी असे पाच-सहा जण पाहिले. लाकडाच्या ठेकेदाराचा मुन्शी, तेंदूपानाच्या फडावरचा एक दिवाणजी, असे. राजीनामा दिला, मालकाने गोंजारलं, राहिले. वर्ष सरायच्या आत बहुतेक बाहेर पडले, कोणी आपणहून, कोणी ढकलून. मालक त्या माणसाला ठेवत नाही, आपला अडलेला हंगाम ठेवतो. त्यांतला मुखरू नावाचा एकटाच तेवढा टिकला. त्याला घर लांब पडत होतं म्हणून तो निघाला होता, आणि मालकाने कामाच्या जागीच घर दिलं. दुखणं होतं त्यालाच औषध मिळालं, म्हणून. हे शहाणपण मला आज सुचतं. तलावाच्या पाळीवर सुचलं असतं तर!

कय्यूमभाई उपाशी राहिले नाहीत, एवढं समाधान. सायकलला अवजारांची पिशवी बांधून ते मूल, पोंभुर्णा, सावली असे गिरण्या दुरुस्त करत फिरले. नानाजींच्या गिरणीतही दोनदा यावं लागलं, मंगरूकडून इंजन रुसलं तेव्हा. आले, दुरुस्त केलं, गेले. पण त्यांच्या नावाचं असं एकही मशीन नंतर राहिलं नाही. दुसऱ्यांची इंजनं चालू करून द्यायची आणि ती चालू झाली की निघायचं.

५९ च्या हिवाळ्यात सुलताना भाभी वारली. आठ-दहा दिवसांनी मी गेलो. दाराबाहेरच्या दगडावर बसलो. आत ते खाटेवर. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग माझ्याने राहवेना. म्हटलं, "कय्यूमभाई, एक गोष्ट सांगाची आहे. मालक तुमच्या घरी आले होते ना, चहाले. ते मीच सांगतलं होतं त्याईले."

ते शांतपणे म्हणाले, "मालूम होतं मले."

"कसं?"

"ज्यानं जन्मात चहा पिला नाई, तो एका दमात बशी खाली करते, काढा पिल्यावानी. त्याले कोणीतरी पढवून आणलं हे नाई समजत का? आन् गावात मले ओळखणारा दुसरा कोण होता?"

"मंग राह्यले कायले तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांनी फळीकडे पाहिलं. तिथे नानाजींच्या चहाचा तो एक कप बाकीच्यांपासून वेगळा ठेवला होता. "सुलतानानं तो कप चार दिवस धुतला नाई. या घरात वीस वर्षांत तुमच्यातलं कोणी बसून प्यालं नव्हतं. ती येड्यावानी खुश होती. म्हणे, आपलं गाव होय हे, काऊन सोडाचं? मी तिले कसं सांगू, का तो खोटा चहा होता म्हणून?" मग अजिबात राग नसलेल्या आवाजात ते म्हणाले, "खरा पाजाले तिच्याजवळ कोणी नव्हतं ना, पत्रूभाऊ. तू बी इतकी वर्षं गोट्यावरच बसला."

मी त्या दगडावर बसलो होतो. दोन्ही हात दगडाला लागलेले. घरी आई होती, शिवाशिव होती, लोक काय म्हणतील होतं, सगळी कारणं माझ्याकडे होती. त्यांना काय हवंय ते मला एकट्याला ठाऊक होतं. ते मी स्वतः दिलं नाही, मालकाला मात्र नेमकं सांगितलं.

मी उठलो. चपला दाराशी काढल्या, आत गेलो आणि खाटेवर त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "चहा मांडा जी."

त्यांनी चूल पेटवली. त्यांना चहा करता येत नव्हता, भाभीनेच आयुष्यभर केलेला. साखर मूठभर पडली, पत्ती करपली. फळीवरचे दोन साधे कप काढले, तो वेगळा ठेवलेला कप तिथेच राहू दिला. आम्ही दोघांनी तो चहा प्यायला, हळूहळू, शेवटच्या घोटापर्यंत. मग मी दुसरा मागितला.